खैरा की खैऱ्या? कुंडीतल्या लिंबाच्या पानावरील ठिपके, पिवळेपणा आणि सुरळी यांचा अर्थ कसा लावावा

जामुल (भिलाई, छत्तीसगड) : पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की जामुलच्या गच्च्यांवरील आणि अंगणांतील कुंड्यांना नवी पालवी फुटते, आणि त्याच पंधरवड्यात पानांच्या तक्रारीही सुरू होतात. कुंडीतल्या कागदी लिंबावर त्या एकदमच दिसतात. शेंड्याची पाने पिवळी पडतात, कोवळी पाने सुरळीसारखी वळतात आणि जुन्या पानांवर तपकिरी ठिपके उमटतात. घरातील मंडळी या तिन्हींना मिळून 'झाडाला रोग लागला' असे म्हणतात आणि दुकानातून एखादे औषध आणून सगळ्या झाडावर फवारतात. पुष्कळदा या तीन खुणांची कारणे तीन वेगवेगळी असतात. एक जिवाणूमुळे, दुसरी अळीमुळे, तर तिसरी केवळ अन्नद्रव्याच्या उणिवेमुळे आलेली असते. एका कारणावरचे औषध दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. उलट, ज्या लिंबाचे फळ वरणभातावर पिळायचे, त्याच्यावर विनाकारण विष पडते आणि झाडाची खरी उणीव तशीच राहते.

एक रंग, दोन दुखणी

हा घोळ किती जुना आहे, हे नुसत्या नावांवरूनच समजते. मराठी शेतकरी लिंबाच्या पानावरील आणि फळावरील खरबरीत तपकिरी ठिपक्यांना 'खैऱ्या' म्हणतो. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतील शेतकरी भाताच्या पानावर तशाच तांबूस-तपकिरी डागांना 'खैरा' म्हणत असे. दोन्ही नावे काताच्या, म्हणजे खैराच्या रंगावरून पडली आहेत. रंग सारखा आणि नावही जवळजवळ सारखे असले, तरी लिंबावरचा खैऱ्या हा झँथोमोनास जातीच्या जिवाणूचा संसर्ग आहे आणि भातावरचा खैरा हा मुळी रोगच नव्हे. ती जस्ताची उणीव आहे.

हे दाखवून दिले ते यशवंत लक्ष्मण नेने या शास्त्रज्ञांनी. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले नेने पंतनगरच्या कृषी विद्यापीठात वनस्पतिरोगशास्त्राचे काम करीत होते. भाताची रोपे लावणीनंतर काही आठवड्यांत खुजी राहत, पाने तांबूस डागांनी भरत, आणि शेतात पसरत जाणारा हा प्रकार रोगासारखाच दिसे. नेने यांनी 1966 साली या दुखण्याची लक्षणे, कारण आणि उपाय प्रसिद्ध केले. मूळ कारण जस्ताचे आहे आणि जस्ताची फवारणी केली की पीक सावरते, असे त्यांनी दाखवले. शिफारस साधी होती : हेक्टरी 5 किलो झिंक सल्फेट आणि 2.5 किलो भिजवलेला चुना, सुमारे 1000 लिटर पाण्यातून. चुना टाकायचा तो झिंक सल्फेटच्या आम्लतेने पाने भाजू नयेत म्हणून.

रोगशास्त्राच्या अभ्यासकानेच 'हा रोग नाही' असे म्हटले, यात या विषयाचे सार आहे. डाग दिसला म्हणजे रोग ठरत नाही. रोग म्हणायचा तर रोगकारक जीव सापडला पाहिजे, आणि उणीव म्हणायची तर उणे असलेला पदार्थ दिल्यावर झाडाने प्रतिसाद दिला पाहिजे. घरच्या कुंडीपाशी प्रयोगशाळा नसते, तरी ही दुसरी कसोटी कोणालाही घरात लावता येते. ती पुढे येईलच.

मराठीत असाच आणखी एक फसवा शब्द आहे, 'केवडा'. वेलवर्गीय भाज्यांच्या पानांवर पिवळे चट्टे पाडणाऱ्या बुरशीला केवडा म्हणतात, आणि उसाची कोवळी पाने लोहाच्या उणिवेने पिवळी-पांढरी पडली तरी त्यालाही केवडाच म्हणतात. नावे रंगावरून पडतात. निदान मात्र रंगावर थांबून चालत नाही. डाग कोणत्या पानावर आहे, पानाच्या कोणत्या भागावर आहे आणि त्याची मांडणी कशी आहे, या तीन गोष्टी रंगापेक्षा अधिक सांगतात.

पहिला प्रश्न : पान जुने की नवे?

झाडाला लागणारी अन्नद्रव्ये दोन स्वभावांची असतात. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात हिंडणारी द्रव्ये आहेत. त्यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या पालवीला पुरवते. घरात धान्य कमी पडले की मोठी माणसे मुलांच्या ताटात घालतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून या द्रव्यांची उणीव खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. लोह, जस्त, मँगेनीज आणि चुना यांचा स्वभाव उलट आहे. एकदा पानात बसली की ही द्रव्ये सहसा हलत नाहीत, त्यामुळे त्यांचा तुटवडा नव्या पानांवर उमटतो आणि जुनी पाने हिरवीगार राहतात.

एवढ्या एका प्रश्नाने पिवळेपणाची निम्मी कारणे बाजूला पडतात. खालची पाने सर्वत्र सारखी फिकट पिवळी होत गळत असतील आणि वाढ मंदावली असेल, तर नत्राचा संशय घ्यावा. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या पडून देठाकडे हिरव्या रंगाचा उलटा 'व्ही' उरला असेल, तर ती मॅग्नेशियमची लिंबावरची ओळखीची खूण होय. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या जाळीसारख्या स्पष्ट असतील, तर लोहाकडे पाहावे. नवी पाने लहान, अरुंद, टोकदार आणि झुपकेदार येत असतील आणि शिरांमधे पिवळे पट्टे असतील, तर जस्ताकडे.

मात्र एक फसगत टाळायला हवी. पाण्याने तुडुंब भरलेल्या कुंडीतील मुळांना हवा मिळत नाही. ती तपकिरी पडून सडतात आणि मातीत अन्न असूनही झाड उपाशी राहते. त्याचा पिवळेपणा नत्राच्या उणिवेसारखाच दिसतो. ओल्या मातीतही पाने मलूल होत असतील, तर खत न घालता झाड हलकेच कुंडीतून काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरे आणि कडक असते. सडलेले तपकिरी असते, हाताळताच त्याचे साल निघून येते आणि त्याला कुबट वास येतो. अशा झाडाला सर्वात आधी कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे करून द्यावे लागते.

लोखंडाच्या प्रदेशात लोहाची उपासमार

जामुलच्या लिंबावर लोहाच्या उणिवेचा प्रश्न का उद्भवतो, हे समजण्यासाठी पायाखालची जमीन पाहावी लागते. दुर्ग जिल्ह्याच्या मोठ्या भागाखाली चुनखडीचा खडक आहे. जामुलला सिमेंटचा कारखाना उभा राहिला तो याच खडकाच्या आधाराने, आणि जिल्ह्यातीलच नंदिनीच्या खाणींतून भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी मिळत आली. अशा खडकातून वर येणारे कूपनलिकेचे पाणी सहसा जड असते. कुंडीला वर्षभर तेच पाणी घातले की पाणी उडून जाते, पण त्यातला चुना मातीत साचत राहतो. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर आणि मातीच्या कडेला दिसणारा पांढरा थर म्हणजे साचलेल्या चुन्याची आणि क्षारांची सर्वांना दिसणारी खूण.

मातीची आम्लता कमी होऊन ती विम्लतेकडे झुकली की लोह अविद्राव्य रूपात जाऊन बसते. ते मातीत असते, पण मुळांना उचलता येत नाही. भिलाईच्या भट्ट्यांना दल्ली-राजहराच्या डोंगरांतून लोहखनिज येते आणि त्याच भिलाईच्या कुंडीत लिंबू लोहावाचून पिवळे पडते. विरोधाभास वाटला तरी कारण हे इतके साधे आहे. लोह घातल्याने दुखणे बरे होते, हे फ्रान्समध्ये यूजेन ग्रिस यांनी 1840च्या दशकात पानांवर लोहक्षार लावून दाखवले होते. तो प्रयोग आजही घरात करता येतो, आणि नेने यांच्या कसोटीशी त्याचे सख्य आहे.

आधी मातीची परीक्षा करावी. कुंडीतील दोन चमचे माती वाळवून तीवर थोडे व्हिनेगर टाकावे. फसफस होऊन बुडबुडे आले तर मातीत मोकळा चुना आहे. बुडबुडे न आल्यास चुना मुबलक नाही एवढेच समजावे. त्यावरून माती आम्ल आहे असे ठरत नाही.

त्यानंतर पानाची परीक्षा. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, 1 ग्रॅम घेऊन 200 मिलिलिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावा. तयार झालेले द्रावण अर्धा टक्क्याचे असते. त्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकावेत, म्हणजे लोह लवकर गंजत नाही. शेंड्याचे एक पिवळे पान निवडून त्याच्या उजव्या निम्म्या भागावर दोन्ही बाजूंनी हे द्रावण मऊ कुंचल्याने लावावे, डावा भाग तसाच सोडावा. हे काम संध्याकाळी करावे आणि दोरा बांधून पान ओळखता येईल असे ठेवावे. सात ते दहा दिवसांत उजवा भाग हिरवा होऊ लागला आणि डावा पिवळाच राहिला, तर लोहाची उणीव सिद्ध झाली. दोन्ही भाग पिवळेच राहिले, तर कारण अन्यत्र शोधावे. जस्ताचा संशय असल्यास अशीच कसोटी 1 ग्रॅम झिंक सल्फेट आणि अर्धा ग्रॅम भिजवलेला चुना 200 मिलिलिटर पाण्यात मिसळून करता येते. ते खैऱ्याच्या शिफारशीचेच प्रमाण आहे.

उणीव सिद्ध झाल्यावर सगळ्या झाडावर लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून, ऊन कलल्यावर, दहा ते पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा फवारावे. चुनखडीच्या मातीत नुसता हिराकस टाकल्याने फारसा लाभ होत नाही. तो काही दिवसांत पुन्हा अविद्राव्य होतो. मातीतून द्यायचेच असेल तर दुकानात 'चिलेटेड' लोह मिळते, पण त्यातही भेद आहे. ईडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचए प्रकार अधिक विम्ल मातीतही लोह धरून ठेवतो. म्हणून वेष्टणावरील नाव वाचून घ्यावे आणि मात्रा त्यावर छापलेलीच वापरावी. त्याहून स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी साठवून झाडाला घालणे. जुलै ते सप्टेंबर या काळात कुंडी उघड्यावर ठेवली, तर पाऊसच साचलेला चुना आणि क्षार धुऊन काढू लागतो. खाली साचलेले पाणी मात्र बशीतून काढून टाकावे.

ठिपका : हात फिरवून पाहा

आता तपकिरी ठिपका. लिंबावर तो दिसला की पहिली चाचणी बोटाची. पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून बोट फिरवावे. खैऱ्याचा ठिपका दोन्ही बाजूंना उठून आलेला, बुचासारखा खरबरीत लागतो. मधे खड्डा पडलेला असतो, कडेला पाण्याने भिजल्यासारखी तेलकट किनार असते आणि भोवती पिवळे कडे असते. कोवळ्या फांदीवर आणि फळाच्या सालीवरही तसेच ठिपके सापडले, तर संशयाला जागा उरत नाही. पोटॅशची उणीव, उन्हाचा चटका किंवा क्षारांचा भाजा यांनी पडलेले डाग सपाट असतात आणि फळा-फांदीवर असे उठून येत नाहीत.

या रोगाचा इतिहास आपल्याच मातीतला आहे. 1827 ते 1831 या काळात देहरादूनकडे गोळा केलेल्या महाळुंगाच्या जुन्या नमुन्यांवर खैऱ्याचे ठिपके पुढील काळात अभ्यासकांना दिसून आले. हा या रोगाचा सर्वात जुना उपलब्ध पुरावा मानला जातो. कागदी लिंबू त्याला विशेष बळी पडते. जिवाणू पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून आणि वाऱ्यासोबत पसरतो आणि पानाच्या नैसर्गिक छिद्रांतून किंवा जखमेतून आत शिरतो. म्हणून जुलैत पडलेल्या ठिपक्यांची संख्या ऑगस्टमध्ये वाढलेली दिसते. भाजलेला डाग मात्र तसा पसरत नाही. ही दुसरी कसोटी : दोरा बांधून चार पानांवरील ठिपके मोजून ठेवावेत आणि आठवड्याने पुन्हा मोजावेत. संख्या वाढत असेल आणि शेजारच्या कोवळ्या पानांवर नवे ठिपके येत असतील, तर संसर्ग चालू आहे. मोजणी स्थिर राहिली, तर बहुधा जुनी इजा आहे.

उन्हाचा चटका ओळखणे सोपे आहे. मे महिन्यात जामुलला पारा 42 अंशांच्या वर जातो, आणि सावलीतून एकदम गच्चीवर आणलेल्या झाडाची सूर्याकडची पानेच फिकट व नंतर तपकिरी होतात, पलीकडची नाही. क्षारांचा भाजा पानाच्या टोकापासून आणि कडेपासून आत येतो. याउलट रोगाचा ठिपका पानावर कोठेही, विस्कळीत उमटतो.

खैऱ्या ठरल्यास ठिपके असलेली पाने आणि फांद्या कोरड्या हवेत छाटून जाळाव्यात किंवा कचऱ्यात बंद करून टाकाव्यात. कात्री प्रत्येक कापणीनंतर स्पिरिटने पुसावी. त्यानंतर लिटरमागे 3 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी, पंधरा ते वीस दिवसांच्या अंतराने, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात करावी. तांबे रोग बरा करत नाही. नव्या पानावर जिवाणू रुजू नये म्हणून ते संरक्षक थर देते, त्यामुळे पालवी फुटताच त्याची गरज असते. प्रतिजैविके घरच्या फळझाडाला वापरू नयेत. फवारणीनंतर फळ तोडण्याआधी वेष्टणावर दिलेला कालावधी पाळावा. तांब्याची फवारणी हिराकस वा झिंक सल्फेटमध्ये मिसळू नये, दोहोंत आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवावे.

वळलेले पान : आत वाकून पाहा

सुरळी झालेले पान उलगडून पाहिल्याशिवाय काही म्हणू नये. पानाच्या दोन्ही अंगांवर चांदीसारखी चकाकणारी नागमोडी वाट दिसली आणि तिच्या मधोमध काळसर रेघ गेली असेल, तर ती पाने पोखरणाऱ्या अळीची वाट आहे. ती रेघ म्हणजे अळीची विष्ठा. या पतंगाचे वर्णन 1856 साली कलकत्त्याच्या नमुन्यांवरून झाले आणि लिंबूवर्गीय झाडांवर तो आता जगभर पसरला आहे. अळी पानाच्या सालीखाली राहते आणि शेवटी कडेची घडी करून तिच्यात कोषात जाते. ती फक्त कोवळ्या पानात शिरू शकते. पान कडक झाल्यावर वाट दिसते, पण राहणारा निघून गेलेला असतो. म्हणून जुन्या वाटा पाहून केलेली फवारणी रिकाम्या घराला कुलूप लावण्यासारखी ठरते. फवारायचे असेल तर पालवी बोटभर असताना, पाच टक्के निंबोळी अर्क आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा पुरेसा आहे.

पोखरलेले पान झाडावर राहू द्यावे. त्याचा उरलेला हिरवा भाग अन्न तयार करतो. याला एकच अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. अळीने पानाला केलेली जखम खैऱ्याच्या जिवाणूला आयती वाट करून देते, म्हणून ज्या झाडावर दोन्ही आहेत, त्याची पोखरलेली आणि ठिपक्यांची पाने दोन्ही काढून टाकावीत. अळीवर उपाय न करता केवळ तांबे फवारणाऱ्यांना खैऱ्या आटोक्यात येत नाही, त्याचे हेही एक कारण आहे.

वाट नसून पान वळले असेल, तर पानाच्या पाठीवर पाहावे. हिरवा-काळा मावा, चिकट रस आणि मुंग्यांची रांग असल्यास कारण मावा आहे. पांढऱ्या मेणासारख्या तंतूंची छोटी पिल्ले दिसल्यास ती सिल्ला ही कीड असते. दिसत नसेल तर कोऱ्या कागदावर फांदी झटकावी. कागदावर हलणारे लाल-पिवळे ठिपके कोळ्याचे असतात आणि बोटाने दाबल्यास रेघ उमटते. आणि कीडच सापडली नाही, पाने केवळ दुपारी उभी वळून सकाळी पूर्ववत होत असतील, तर ती तहान आहे. ती कीड समजून औषध दिले, तर झाड तहानेसोबत औषधाचाही त्रास सोसते.

तिन्ही एकत्र आल्यास

जुलैच्या मध्यास जामुलच्या गच्चीवर, चौदा इंची कुंडीत, कूपनलिकेच्या पाण्यावर वाढलेले तीन वर्षांचे कागदी लिंबू घेऊ. शेंड्याची आठ-दहा पाने पिवळी आहेत, शिरा हिरव्या आहेत. मधल्या फांदीवरील सहा पाने वळली आहेत. खालच्या जुन्या पानांवर तपकिरी ठिपके आहेत. घरात एखादे जुने कीटकनाशक पडून आहे आणि ते फवारण्याचा मोह होतो. त्याआधी अर्धा तास तपासणीत घालवल्यास तीन निष्कर्ष निघतात.

पिवळी पाने नवी आहेत, जुनी हिरवी आहेत, म्हणून नत्र बाद. शिरा हिरव्या, पान पुरेसे रुंद, म्हणून जस्तापेक्षा लोहाचा संशय अधिक. कुंडीवर पांढरा थर आहे, व्हिनेगरने माती फसफसते. पानाच्या निम्म्या भागावर हिराकस लावला आणि दहाव्या दिवशी तो हिरवा झाला. निष्कर्ष : लोह. वळलेल्या सहा पानांपैकी चारांवर नागमोडी वाट आहे, दोन पाने आतून रिकामी आहेत. निष्कर्ष : अळी होती, आता गेली. पुढील पालवीला निंबोळी अर्क. ठिपके बोटाला खरबरीत लागतात, पण फांदीवर एकही नाही, आणि आठवड्यात सत्तावीसचे एकतीस झाले. निष्कर्ष : खैऱ्या सुरुवातीच्या अवस्थेत. ठिपक्यांची आणि पोखरलेली पाने काढून तांब्याची फवारणी.

पानांची छाटणी पहिल्या दिवशी करावी, तांब्याची फवारणी लगेच, आणि लोहाची पहिली फवारणी त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. पालवी येताच निंबोळी अर्क. ज्या पानांवर ठिपके वा वाटा उमटल्या, ती पाने पूर्वीसारखी होणार नाहीत. म्हणून परिणाम पाहायचा तो पुढच्या पालवीत. ती हिरवी आणि डागविरहित आली तर निदान बरोबर. ती पुन्हा पिवळी आली तर पाण्याचा आणि मातीचा प्रश्न सुटलेला नाही.

घरची कसोटी कोठे थांबते

एक दुखणे मात्र या सर्व कसोट्यांना चकवते. त्याला हरितरोग किंवा ग्रीनिंग म्हणतात. तो सिल्ला या किडीमार्फत पसरणाऱ्या जिवाणूमुळे होतो आणि त्याचा पिवळेपणा जस्ताच्या उणिवेसारखा भासतो. भेद मांडणीत आहे. उणिवेमुळे आलेला पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना आरशासारखा सारखा असतो. हरितरोगाचे चट्टे एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला दुसरे, असे विषम असतात. फांदीमागून फांदी पिवळी पडते आणि फळे लहान, एका अंगाला वाकडी राहतात. या रोगावर औषध नाही. शेजारी लिंबू-संत्र्याची झाडे असतील तर रोगी झाड उपटून टाकणे हाच उपाय. असे विषम चट्टे आढळल्यास, झाड काढण्याआधी खात्री करून घ्यावी.

त्यासाठी जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र, रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय किंवा नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था यांचे मार्गदर्शन घेता येते. नमुना नेताना पूर्ण मेलेले पान नेऊ नये, कारण त्यावर मेल्यानंतर उगवलेली बुरशी दिसते आणि खरे कारण लपते. निम्मे आजारी, निम्मे निरोगी असे पाच-सहा पाने कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत न घालता, त्याच दिवशी द्यावीत. सोबत कुंडीच्या मध्यभागातील मूठभर माती आणि झाडाला घातल्या जाणाऱ्या पाण्याची एक बाटली द्यावी. कुंडी, पाणी, खत आणि मागील दोन महिन्यांतील फवारण्या कागदावर लिहून नेल्या, तर तपासणाऱ्याचे निम्मे काम तेथेच होते.